सोर्स फॉलोअरचा गेन एक का होत नाही?

मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या सीमॉस सेन्सरवर लाखो पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये, किंवा शेजारच्या दोन-चार पिक्सेलमध्ये मिळून, एक छोटा एनमॉस ट्रान्झिस्टर सोर्स फॉलोअर म्हणून बसवलेला असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या प्रकारचा सेन्सर पुढे आणला, त्याचं मर्म हेच होतं: प्रकाशामुळे जमलेला चार्ज जिथे आहे तिथेच त्याचं व्होल्टेज करायचं आणि ते पिक्सेलमधल्याच फॉलोअरने बाहेरच्या लांब तारेवर पोचवायचं.

कॉलेजात आपण शिकतो की सोर्स फॉलोअरचा गेन जवळपास एक असतो. पिक्सेलमध्ये मोजायला गेलं तर तो ०.८५च्या आसपास भरतो. हा फरक छोटा नाही आणि ट्रान्झिस्टर वाईट बनला म्हणूनही तो पडत नाही. ही बॉडी इफेक्टची, म्हणजे सोर्स वर गेला की ट्रान्झिस्टरचा थ्रेशोल्ड वाढण्याची, करामत आहे. त्याहून लक्ष देण्यासारखी गोष्ट अशी की याच परिणामामुळे आउटपुट रेझिस्टन्सही कमी होतो. फॉलोअरमध्ये गेन कमी होणं वाईट आणि आउटपुट रेझिस्टन्स कमी होणं चांगलं, असं आपण मानतो. मग एकच कारण दोन्ही कसं करतं? हे नीट कळलं की बॉडी इफेक्टबद्दलचा बराचसा गोंधळ आपोआप मिटतो.

आधी रचना पाहू. एनमॉसचा ड्रेन ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याला जोडलेला, इनपुट गेटवर, आउटपुट सोर्सवर. सोर्समधून खाली एक करंट सोर्स ५ मायक्रोअँपिअर करंट ओढतो. पिक्सेलमध्ये वाटेत निवड करणारा आणखी एक ट्रान्झिस्टर असतो, तो इथे विचारात घेत नाही. ट्रान्झिस्टरचं चौथं टोक म्हणजे बॉडी. सुटा मॉसफेट विकत घेतला तर बॉडी आतूनच सोर्सला जोडलेली मिळते, म्हणून तीन पायांच्या ट्रान्झिस्टरवर प्रयोग करणाऱ्याला ती कधी भेटतच नाही. चिपवर मात्र सगळे एनमॉस एकाच पी प्रकारच्या सिलिकॉनमध्ये असतात आणि ते सिलिकॉन ग्राउंडला बांधलेलं असतं. एकाची बॉडी त्याच्या सोर्सला जोडायची म्हटलं तर सगळ्यांचीच जोडली जाईल. म्हणून फॉलोअरचा सोर्स वर-खाली होतो आणि बॉडी शून्यावरच राहते.

सोर्स बॉडीपेक्षा वर गेला की चॅनेलखालचा डिप्लिशनचा थर जाड होतो. त्या थरातला जास्तीचा स्थिर ऋण चार्जही गेटलाच तोलावा लागतो, त्यामुळे चॅनेलमध्ये तेवढेच इलेक्ट्रॉन आणायला गेटवर जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजेच थ्रेशोल्ड वाढतो:

Vth = Vth0 + γ(√(2φF + VSB) − √(2φF))

इथे VSB म्हणजे सोर्स बॉडीच्या किती वर आहे ते, Vth0 म्हणजे VSB शून्य असतानाचा थ्रेशोल्ड, आणि γ व 2φF हे प्रक्रियेवर ठरणारे आकडे. आपल्या उदाहरणासाठी Vth0 = 0.7 V, γ = 0.45 √V आणि 2φF = 0.9 V धरू. सोर्स १.३५ व्होल्टवर असेल तर कंसातलं पहिलं वर्गमूळ √२.२५ म्हणजे बरोबर १.५ येतं आणि थ्रेशोल्ड ०.७ वरून सुमारे ०.९५ व्होल्टवर जातो. सोर्सच्या दर व्होल्टमागे थ्रेशोल्ड किती सरकतो, हा या वक्राचा उतार:

η = γ / (2√(2φF + VSB)) = 0.45 / (2 × 1.5) = 0.15

पुढचं सगळं या ०.१५ वर चालतं.

आता गेन. समीकरणं बाजूला ठेवून एवढंच लक्षात ठेवू की खालचा करंट सोर्स करंट बदलू देत नाही. सॅच्युरेशनमधल्या ट्रान्झिस्टरचा करंट गेट-सोर्स व्होल्टेज थ्रेशोल्डच्या किती वर आहे यावर ठरतो. करंट कायम, तर हा फरकही कायम. समजा गेट १०० मिलिव्होल्टने वर नेला. थ्रेशोल्ड हलत नसता तर सोर्सही १०० मिलिव्होल्ट वर आला असता आणि गेन एक झाला असता. पण सोर्स वर येतो तसा थ्रेशोल्ड वाढतो, आणि ती वाढ भागवायला गेट-सोर्स व्होल्टेजही तेवढंच वाढावं लागतं. मग १०० मिलिव्होल्टची वाटणी होते: ८७ सोर्सला मिळतात आणि १३ थ्रेशोल्डमध्ये जातात. ८७ची ०.१५ पट १३ होते, म्हणून हिशोब जुळतो. सोर्सची वाढ x मानली तर x + ηx = 100, म्हणजे

Av = 1/(1 + η) = 1/1.15 = 0.87

या सूत्रात ट्रान्झिस्टरची रुंदी नाही आणि करंटही नाही. ट्रान्झिस्टर दुप्पट रुंद करा, करंट चौपट करा, तरी बॉडी इफेक्टमुळे गेलेले तेरा टक्के परत येत नाहीत. मला हा यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण गेन कमी दिसला की आपला हात आधी रुंदीकडेच जातो.

आउटपुट रेझिस्टन्ससाठी उलट प्रयोग करू. गेट स्थिर ठेवून सोर्स बाहेरून १० मिलिव्होल्ट खाली ओढायचा आणि ट्रान्झिस्टर किती जास्त करंट देतो ते पाहायचं. त्यासाठी gm, म्हणजे गेट-सोर्स व्होल्टेजच्या दर व्होल्टमागे करंट किती बदलतो तो आकडा, लागेल. ट्रान्झिस्टरची रुंदी लांबीच्या दुप्पट आणि प्रक्रियेचा स्थिरांक १२५ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट-वर्ग असेल, तर ५ मायक्रोअँपिअरला गेट-सोर्स व्होल्टेज थ्रेशोल्डच्या ०.२ व्होल्ट वर बसतं आणि gm = 2 × 5 µA / 0.2 V = 50 µS येतो. सोर्स १० मिलिव्होल्ट खाली गेला की गेट-सोर्स व्होल्टेज तेवढं वाढतं आणि करंट ०.५ मायक्रोअँपिअरने वाढतो. हा पहिला भाग. दुसरा भाग असा की सोर्स बॉडीच्या जवळ आल्यामुळे थ्रेशोल्ड १.५ मिलिव्होल्टने उतरतो आणि त्याचा आणखी ०.०७५ मायक्रोअँपिअर मिळतो. म्हणजे सोर्स हलवणाऱ्याला गेट आणि बॉडी दोघेही विरोध करतात. बॉडी ही चॅनेलच्या खालची दुसरी, थोडी अशक्त गेट आहे आणि तिची ताकद gmb = η·gm = 7.5 µS. म्हणून

Rout = 1/(gm + gmb) = 1/57.5 µS ≈ 17.4 kΩ

बॉडी सोर्सला जोडलेली असती तर हाच रेझिस्टन्स १/५० मायक्रोसीमेन्स म्हणजे २० किलोओहम झाला असता. २० वरून १७.४, ही घट तेरा टक्क्यांची. गेनची घटही तेरा टक्क्यांचीच.

हा योगायोग नाही. आउटपुट ग्राउंडला शॉर्ट केलं, म्हणजे सोर्स हलूच दिला नाही, तर बॉडीला करण्यासारखं काही उरत नाही. तेव्हा मिळणारा करंट gm गुणिले इनपुट एवढाच असतो, बॉडी इफेक्ट असो वा नसो. कोणत्याही रेषीय सर्किटचा मोकळा, म्हणजे लोडशिवायचा, गेन म्हणजे इनपुटच्या दर व्होल्टमागचा हा शॉर्ट-सर्किट करंट गुणिले आउटपुट रेझिस्टन्स. पहिला घटक बदलत नाही, म्हणून दुसरा जितका घटतो तितकाच गेन घटतो. चित्र काढायचं तर असं काढावं: गेन एक असलेला आदर्श फॉलोअर, त्यापुढे 1/gm म्हणजे २० किलोओहमचा रेझिस्टर, आणि आउटपुटपासून ग्राउंडला 1/gmb म्हणजे १३३ किलोओहमचा दुसरा रेझिस्टर. मोकळा गेन म्हणजे या दोघांचा व्होल्टेज डिव्हायडर: १३३ भागिले १५३, म्हणजे ०.८७. आउटपुट रेझिस्टन्स म्हणजे हे दोघे समांतर: १७.४. फॉलोअर सुधारलेला नाही, त्याच्या आउटपुटवर आतूनच एक लोड लावला गेला आहे. कोणत्याही स्रोतावर समांतर रेझिस्टर लावला तर व्होल्टेज आणि रेझिस्टन्स दोन्ही उतरतात, तेच इथे घडतं.

या चित्रातून आणखी एक गोष्ट निघते. बाहेरचा लोड जितका जड, तितका बॉडी इफेक्ट कमी जाणवतो. कपॅसिटरमधून २० किलोओहमचा लोड लावला तर बॉडीसकट गेन 50/(57.5 + 50) = 0.465 येतो आणि बॉडीशिवाय ०.५. फरक तेरावरून सात टक्क्यांवर आला. हलक्या लोडवर चालणाऱ्या फॉलोअरलाच बॉडी जास्त नडते आणि पिक्सेलचा फॉलोअर नेमका तसाच, कारण त्याच्यापुढे स्तंभाच्या लांब तारेची कपॅसिटन्स सोडली तर फारसं काही नसतं.

ती कपॅसिटन्स ५ पिकोफॅरड धरू. छोट्या बदलांसाठी टाइम कॉन्स्टंट म्हणजे आउटपुट रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटन्स: बॉडी इफेक्टसह ८७ नॅनोसेकंद, त्याशिवाय १००. शेवटच्या मूल्याच्या ०.१ टक्क्याच्या आत यायला सुमारे सात टाइम कॉन्स्टंट लागतात, म्हणजे ६०० विरुद्ध ६९० नॅनोसेकंद. बॉडी इफेक्टने सर्किट जलद झालं म्हणायचं का? गेटवर १० मिलिव्होल्टची पायरी दिली की पहिल्या क्षणी दोन्हीकडे सारखाच ०.५ मायक्रोअँपिअर कपॅसिटरला मिळतो आणि आउटपुट सारख्याच वेगाने, दर मायक्रोसेकंदाला ०.१ व्होल्टने, चढू लागतं. एकाला १० मिलिव्होल्टपर्यंत जायचं आहे, दुसऱ्याला ८.७ पर्यंतच. दुसरा लवकर पोचतो कारण त्याचं ठिकाण जवळ आहे.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. मोठा बदल खालच्या दिशेने असेल तर हा टाइम कॉन्स्टंट कामाचा नाही. वर जाताना ट्रान्झिस्टर हवा तेवढा करंट देतो, पण खाली येताना कपॅसिटर रिकामा करायला फक्त करंट सोर्सचे ५ मायक्रोअँपिअर असतात. ५ पिकोफॅरडला ते दर मायक्रोसेकंदाला एक व्होल्ट इतकंच उतरवू शकतात. लख्ख उजेडातला पिक्सेल वाचताना नेमकं हेच होतं, कारण प्रकाशाने जमलेले इलेक्ट्रॉन गेटचं व्होल्टेज खाली आणतात.

आता गेनच्या न-रेषीयपणाकडे येऊ. माझ्या मते बॉडी इफेक्टचा खरा त्रास हा आहे. गेन ०.८७ वर ठाम राहिला असता तर पुढे एकदाच १.१५ने गुणून विषय संपला असता. पण η सोर्सच्या व्होल्टेजवर अवलंबून आहे. सोर्स वर गेला की डिप्लिशनचा थर जाड होतो, बॉडी चॅनेलपासून लांब पडते आणि तिची पकड सैल होते. सोर्स खाली आला की पकड घट्ट होते. अंधारातल्या पिक्सेलचा सोर्स १.३५ व्होल्टवर आहे असं धरलं, तर त्याचा गेट सुमारे २.५० व्होल्टवर असतो. उजेडाने सोर्स ०.५४ व्होल्टपर्यंत उतरला तर वर्गमूळ √१.४४ म्हणजे १.२ येतं, η वाढून ०.१८७५ होतो आणि तिथला गेन ०.८४२ उरतो. थ्रेशोल्ड आता ०.८१३ व्होल्ट, म्हणून गेट १.५५३ व्होल्टवर.

सरळ मोजून पडताळा घेऊ. गेट ०.९४५ व्होल्टने उतरला, सोर्स ०.८१ व्होल्टने. गुणोत्तर ०.८५७, दोन टोकांच्या गेनच्या मधोमध. अंधारातला ०.८७० हाच गेन सगळीकडे धरला असता तर आपण सोर्स ०.८२२ व्होल्टने उतरेल असं समजलो असतो. तफावत १२ मिलिव्होल्टची. याच पल्ल्यावर दहा बिटांचा कन्व्हर्टर बसवला तर त्याची एक पायरी सुमारे ०.८ मिलिव्होल्टची असते, म्हणजे चूक पंधरा पायऱ्यांची झाली. पिक्सेल वाचताना रिसेटची पातळी आणि सिग्नलची पातळी यांची वजाबाकी करतात. त्या वजाबाकीत थ्रेशोल्डचा ठरावीक, प्रत्येक पिक्सेलगणिक वेगळा हिस्सा निघून जातो, पण उताराची ही चूक निघत नाही. ती कॅलिब्रेशननेच काढावी लागते.

वरच्या चित्रात 1/gmb ला मी रेझिस्टर म्हटलं, ते फक्त करंट-व्होल्टेजच्या हिशोबापुरतं खरं आहे. ग्राउंडला बांधलेल्या बॉडीमुळे ट्रान्झिस्टरचा करंट त्याच्याच सोर्सच्या व्होल्टेजच्या प्रमाणात बदलतो, म्हणून तो रेझिस्टरसारखा वागतो. पण १३३ किलोओहमच्या खऱ्या रेझिस्टरमधून जो उष्णतेचा नॉइज येतो, तो यातून येत नाही. नॉइजचं गणित करताना त्याचा आकडा घालू नये. मात्र बॉडी ही गेट आहे हे तिथेही विसरू नये: ग्राउंडची पातळी खुद्द सिलिकॉनमध्येच १० मिलिव्होल्टने हलली, तर त्यातले gmb/(gm + gmb), म्हणजे तेरा टक्के, १.३ मिलिव्होल्ट होऊन आउटपुटवर दिसतात. एकाच चिपवर डिजिटल भाग वेगाने चालू असेल तर हे नक्की तपासावं.

गेन कमी भरला तर तो बॉडीमुळेच, हे ओळखायचं कसं? दुसरा संशयित म्हणजे ट्रान्झिस्टरचा आणि करंट सोर्सचा स्वतःचा मर्यादित रेझिस्टन्स, ro. ड्रेनच्या व्होल्टेजबरोबर करंट किती वाढतो ते सांगणारा λ = 0.05 प्रति व्होल्ट धरला तर प्रत्येकी ४ मेगाओहम, दोन्ही समांतर २ मेगाओहम, म्हणजे ०.५ मायक्रोसीमेन्स. गेन 50/58 = 0.862 होतो. बॉडीने तेरा टक्के खाल्ले होते, ro ने जेमतेम एक. मोजणीत या दोघांना वेगळं करायला करंट बदलून पाहावा. η करंटवर अवलंबून नाही. ro चा वाटा मात्र करंटच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, कारण 1/ro करंटच्या प्रमाणात वाढतं आणि gm त्याच्या वर्गमुळाच्या. करंट चौपट केला तर एक टक्क्याचे दोन होतील, तेरा टक्के मात्र सोर्सची पातळी तीच ठेवली तर तेराच राहतील. शिवाय गेट हळूहळू खाली आणत आउटपुटचा उतार काढला तर बॉडी इफेक्टमध्ये तो ०.८७ वरून ०.८४ कडे सावकाश घसरतो. आउटपुट ०.२ व्होल्टच्या आसपास आल्यावर उतार एकदम बिघडला, तर ते खालचा करंट सोर्स सॅच्युरेशनमधून बाहेर पडल्याचं लक्षण आहे, बॉडीचं नाही.

ज्यांना हे स्वतः करून पाहायचं आहे, त्यांच्यासाठी स्पाइसची छोटी फाइल:

```
source follower
VDD vdd 0 3.3
VIN in 0 2.498
M1 vdd in out 0 NCH W=2u L=1u
I1 out 0 5u
.model NCH NMOS (LEVEL=1 VTO=0.7 KP=125u
+ GAMMA=0.45 PHI=0.9 LAMBDA=0)
.tf V(out) VIN
.end
```

`.tf` ही एकच आज्ञा गेन आणि आउटपुट रेझिस्टन्स दोन्ही छापते. इथे ०.८७ आणि १७.४ किलोओहम दिसायला हवेत. `VIN` १.५५३ केलं की ०.८४२ आणि १६.८ किलोओहम. मग `M1` च्या ओळीतलं चौथं टोक `0` च्या जागी `out` करा: गेन एक होतो आणि रेझिस्टन्स २० किलोओहमवर जातो. हा शेवटचा बदल नकळतही होतो. स्किमॅटिकमध्ये तीन टोकांचं चिन्ह वापरलं आणि त्याने बॉडी गुपचूप सोर्सला जोडली, तर सिम्युलेशन सुंदर येतं आणि सिलिकॉन वेगळं वागतं. म्हणून नेटलिस्ट उघडून चौथं टोक कुठे गेलंय ते डोळ्यांनी पाहावं.

पिक्सेलमध्ये यावर उपाय जवळपास नाही, कारण प्रत्येक फॉलोअरला स्वतंत्र वेल, म्हणजे सिलिकॉनचा वेगळा कप्पा, द्यायला जागाच नसते. पिक्सेलच्या बाहेर, बफर किंवा लेव्हल शिफ्टर म्हणून फॉलोअर वापरताना मात्र पर्याय आहेत. एन-वेलच्या साध्या प्रक्रियेत पीमॉस स्वतःच्या वेलमध्ये बसतो, त्यामुळे वेल त्याच्या सोर्सला जोडता येते. मग gmb चा प्रश्न मिटतो, गेन ०.९९ पर्यंत जातो आणि पातळीबरोबर तो बदलणंही जवळपास थांबतं. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. वेल आणि खालचं सिलिकॉन यांच्यातल्या जंक्शनची कपॅसिटन्स आता थेट आउटपुटवर येते. आणि होल इलेक्ट्रॉनपेक्षा मंद: पीमॉसचा प्रक्रियेचा स्थिरांक एनमॉसच्या चौथा हिस्सा धरला, तर त्याच आकाराला आणि करंटला gm निम्मा, म्हणजे २५ मायक्रोसीमेन्स, आणि आउटपुट रेझिस्टन्स ४० किलोओहम. ट्रान्झिस्टर चौपट रुंद करून gm पुन्हा ५० वर आणला तरी रेझिस्टन्स २० किलोओहमच राहतो, एनमॉसच्या १७.४ पेक्षा जास्त, कारण बॉडीने समांतर लावलेला तो लोड आता तिथे नसतो.